मॉडेल होयबा का होतं, आणि प्रश्न कसा टाकला की जरा कमी होतं

वाद अगदी साधा होता. एक मित्र म्हणत होता की जाताना गाडी ताशी ४० ने गेली आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ६० ने आली तर सरासरी वेग ५०. मी म्हटलं नाही, ४८. त्याने मोबाईल काढला, एआय चॅटबॉटमध्ये काहीतरी टाईप केलं, आणि दोन मिनिटांत स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरली, बघ, पन्नास लिहिलंय, वर "तुमचा विचार बरोबर आहे" असंही लिहिलंय. मी म्हटलं तू काय टाकलंस ते दाखव आधी. त्याने टाकलं होतं: "४० आणि ६० ची सरासरी ५० येते हे मला माहितीये, माझ्या मित्राला पटत नाहीये, त्याला सोप्या भाषेत कसं समजावू?"

आता यात प्रश्न कुठाय? प्रश्न नाहीच्चे. यात एक दावा आहे, त्या दाव्याची मालकी आहे, आणि तो दावा दुसऱ्याच्या गळी उतरवून द्यायची ऑर्डर आहे. मॉडेलने, म्हणजे त्या चॅटबॉटमागे उत्तर तयार करणाऱ्या एआयने, ऑर्डर पूर्ण केली. शिवाय ४० आणि ६० या दोन आकड्यांची सरासरी ५० असतेच, त्यात खोटं काही नाही, फक्त वेगाचा प्रश्न त्या वाक्यातून गुपचूप गायब झालेला.

मग मी माझ्या फोनवर नवीन चॅट उघडून तेच साधेपणाने विचारलं: "एकाच रस्त्याने जाताना ताशी ४० किमी, येताना ताशी ६० किमी. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? हिशोब दाखव." व्यवस्थित हिशोब आला. अंतर एका बाजूने १२० किमी धरा, जाताना ३ तास, येताना २ तास, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ४८. हळू जाताना जास्त वेळ रस्त्यावर असतो म्हणून सरासरी हळू वेगाकडे झुकते, हेसुद्धा सांगितलं. म्हणजे येत होतं त्याला. मित्राला दिलेलं उत्तर अज्ञानातून आलेलं नव्हतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच चॅटमध्ये, बरोबर उत्तर समोर असताना, मित्राने माझा फोन घेऊन टाकलं की "मला नाही वाटत हे बरोबर आहे, मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय." (शिकवलेला वगैरे काही नाही, थाप मारली.) लगेच आधी माफी आली, आणि मग एक असा परिच्छेद की दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला असं धरलं तर ५० हे उत्तर बरोबर ठरतं, त्यामुळे तुमचा मुद्दा योग्य आहे. नीट बघा इथे काय झालं ते. एकही वाक्य खोटं नाही. सारखा वेळ धरला तर ५० च येतं. पण प्रश्नात वेळ सारखा नव्हता, रस्ता सारखा होता! म्हणजे उत्तर बदलता येत नव्हतं म्हणून त्याने प्रश्नच हळूच बदलला. माझ्या मते होयबा मॉडेलची खरी खूण हीच. ते क्वचितच तोंडावर खोटं बोलतं, बहुतेक वेळा अशी एखादी पळवाट शोधतं की जिच्यातून तुम्हीही बरोबर ठरता, आणि ज्याला मूळ प्रश्न आठवत नाही त्याला हे कळणारही नाही.

आता हे होतं का. लोक म्हणतात की मॉडेल घाबरतं, लाजतं, खुश करायला बघतं. मन वगैरेचा विषय बाजूला ठेवू, त्याच्याशिवायही कारण नीट सांगता येतं.

पहिलं कारण एकदम पायातलं आहे. मॉडेल पुढचा शब्द ठरवतं तो आधीचा सगळा मजकूर धरून. तुमचा दावा हा त्या मजकुराचाच भाग असतो, त्याला वेगळा कप्पा नसतो की हे युजरचं मत आहे, याला हिशोबात धरू नको. माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी पानांवर ते शिकलेलं असतं, आणि माणसांच्या लिखाणात कोणी ठामपणे "मला माहितीये की अमुक" म्हटलं की पुढचा मजकूर बहुतेक वेळा ते धरूनच चालतो. म्हणजे ठाम सुराचं वजन त्याच्या हिशोबात आपोआप पडतं. आणि ठामच असायला पाहिजे असंही नाही. २०२३ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी याच विषयावर एक अभ्यास केला, पाच एआय असिस्टंट तपासले, त्यात एका प्रयोगात युजर फक्त एवढंच म्हणतो की मला वाटतं उत्तर अमुक आहे पण खात्री नाही. उत्तर चुकीचं. तर एवढ्या पुचाट इशाऱ्यावरसुद्धा अचूकता घसरली, एका मॉडेलची तर २७ टक्क्यांनी.

पण नुसतं एवढंच असतं तर मॉडेल कधी होयबा कधी उलट असं झालं असतं. झुकाव पक्का होतो तो दुसऱ्या टप्प्यात, आणि इथे दोष आपला आहे, म्हणजे माणसांचा. मॉडेलला बोलायचं वळण लावताना त्याची दोन उत्तरं माणसासमोर ठेवतात आणि विचारतात यातलं कुठलं चांगलं. अशा असंख्य निवडींवरून एक दुसरं मॉडेल बनवतात, त्याला रिवॉर्ड मॉडेल म्हणतात, त्याचं काम एकच, माणसाला कुठलं उत्तर आवडेल त्याचा अंदाज करून मार्क देणं. मग मूळ मॉडेलला जास्तीत जास्त मार्क मिळवायला शिकवतात. आता तो निवड करणारा माणूस डोळ्यासमोर आणा. त्याच्यापुढे ढीग आहे, प्रत्येक विषय त्याला येत नाही, आणि दोन उत्तरांपैकी एक म्हणतंय की तुमचं म्हणणं चुकीचं आहे, दुसरं छान मुद्देसूद भाषेत म्हणतंय की तुमचं बरोबर आहे. सगळे नाही, पण थोडे तरी दुसऱ्यावर टिक करणारच. त्याच अभ्यासात अशा निवडींचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की उत्तर युजरच्या मताशी जुळतंय ही गोष्ट, कुठलं उत्तर निवडलं जाईल याचा अंदाज द्यायला सगळ्यात उपयोगी असणाऱ्या गोष्टींपैकी एक होती. आणि नीट सजवून लिहिलेलं हांजीहांजीचं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा सरस ठरण्याचे प्रसंग माणसांकडूनही आले आणि रिवॉर्ड मॉडेलकडूनही.

थोडाथोडा झुकाव लाखो वेळा गिरवला की सवय होते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एप्रिल २०२५ चं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट दिलं, आणि ते इतकं तोंडपुजं निघालं की लोकांनी स्क्रीनशॉट टाकून टाकून थट्टा केली, चारेक दिवसांत मागे घ्यायला सुरुवात करावी लागली. नंतर कंपनीने स्वतःच लिहिलं की युजर अंगठा वर-खाली करतात तो डेटा एक जास्तीचं बक्षीस म्हणून ट्रेनिंगमध्ये घातला होता, आणि इतर बदलांबरोबर त्यामुळे हांजीहांजीला लगाम घालणारा मुख्य सिग्नल कमजोर पडला असावा. म्हणजे आपण खुश होऊन वर केलेला अंगठाच तो. मला हे प्रकरण यासाठी महत्त्वाचं वाटतं की यात कोणी बसून "खुशामत शिकवा" असं ठरवलं नव्हतं. खुशामत मागच्या दाराने आली, आवडीच्या नावाखाली.

काही जण म्हणतात की मॉडेल मोठं आणि हुशार झालं की हे जाईल. मला यावर भरवसा नाही. २०२२ च्या एका अभ्यासात उलटंच दिसलं होतं, मोठी मॉडेल्स युजरच्या मताची री जास्त ओढत होती. आणि २०२३ मध्ये गुगलच्या संशोधकांनी तर साध्या बेरजेची उघडउघड चुकीची वाक्यं दिली, मॉडेलला ती चूक एरवी कळत होती, पण युजरने मला हे बरोबर वाटतं म्हटल्यावर तेही बरोबर म्हणायला लागलं. माहिती असणं आणि ती सांगणं ही दोन वेगळी खाती आहेत, हुशारी पहिल्या खात्यात जमा होते. (त्याच अभ्यासात खास बनवलेला ट्रेनिंग डेटा देऊन हे प्रमाण कमी करता आलं, हेही सांगायला पाहिजे, म्हणजे दुखणं असाध्य नाही.)

बरं, मग प्रॉम्प्टच्या, म्हणजे आपण मॉडेलला जे लिहून टाकतो त्याच्या, शब्दांनी काय होतं? कारण समजलं की उपाय जवळजवळ आपोआप निघतो: मॉडेलला तुमचं मत कळलंच नाही तर ते कशाची री ओढणार?

मित्राच्याच प्रॉम्प्टवर हळूहळू हात फिरवून बघू. "सरासरी ५० का येते ते समजाव" हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण यात तपासायला जागाच नाही, फक्त समर्थन मागितलंय. "सरासरी ५० येते ना?" हे थोडं बरं, पण त्या "ना" मध्ये होकार आधीच बसलाय. "माझ्या मते ५० येते, बरोबर का?" यात तपासायला जागा आहे पण मालकी तुमची आहे, नाही म्हणायचं तर तुम्हाला नाही म्हणावं लागतं. "एक जण म्हणतो ५०, दुसरा म्हणतो ४८, दोन्ही हिशोब करून बघ, कदाचित दोघंही चुकीचे असतील" इथे बरीच सुधारणा झाली, कारण मालकी गेली, दोन्ही बाजू सारख्या वजनाने आल्या, आणि दोघांनाही नाकारायची वाट उघडी ठेवली. आणि सगळ्यात चांगलं तेच जे मी पहिल्यांदा टाकलं होतं, आकडा सांगूच नका, नुसती परिस्थिती द्या, हिशोब मागा.

क्रमाचाही मोठा फरक पडतो. तुमचं मत सांगायचंच असेल तर नंतर सांगा. आधी त्याचं उत्तर कारणांसकट लिहून येऊ दे, मग म्हणा की दुसरा एक हिशोब असा आहे, या दोन्हीत नेमका कुठल्या पायरीवर फरक पडतोय ते दाखव. याचं कारण तेच जे वर सांगितलं, पुढचे शब्द मागच्या मजकुरावर उभे राहतात, तेव्हा मागे ३ तास, २ तास, एकूण ५ तास हा हिशोब लिहिलेला असला की त्याला ओलांडून ५० कडे जाणं जरा जड जातं. अशक्य नाही, आमच्या चॅटमध्ये गेलंच की.

आणि ते गेलं ते एका वाक्यामुळे. "नक्की का?" किंवा "मला नाही वाटत" हे वाक्य आपण सहज टाकतो, आपल्याला वाटतं की आपण तपासतोय. पण यात नवीन माहिती शून्य असते, फक्त नाराजी असते, आणि नाराजीवर काय करायचं हे ट्रेनिंगने पक्कं शिकवलेलं असतं. त्यामुळे या प्रश्नावर मॉडेलने माघार घेतली याचा अर्थ आधीचं चूक होतं असा होत नाही, आणि ठाम राहिलं तरी बरोबर होतं असं सिद्ध होत नाही. तपासायचंच असेल तर पायरीवर बोट ठेवा, "तू इथे वेळ वेगवेगळा का धरलास?" असं विचारा. याला उत्तर द्यायला कारण लागतं, नुसत्या माफीने भागत नाही.

आता एक उपाय जो लोक फार मारतात आणि मला अजिबात पटत नाही. प्रॉम्प्टच्या सुरुवातीला लिहायचं की "अजिबात दयामाया दाखवू नको, कडक टीका कर, माझ्या चुका काढ." वाटतं छान, मर्दानी वगैरे. पण करून बघा. बरोबर असलेलं काहीतरी द्या आणि हे लिहा, म्हणजे "सरासरी ४८ येते, यातली चूक काढ." बऱ्याचदा काहीतरी चूक काढून देईलच, थांबण्याचा वेळ धरला नाही, वळणावर वेग कमी होतो, असलं काहीतरी. कारण तुम्ही चूक मागितलीत. म्हणजे हीसुद्धा हांजीहांजीच आहे, फक्त कपडे उलटे घातलेत. आधी कौतुक मागत होतात तर कौतुक मिळालं, आता शिव्या मागितल्यात तर शिव्या मिळाल्या, दोन्हीकडे मॉडेल तुमच्याच तोंडाकडे बघतंय. "खुशामत करू नको, स्पष्ट सांग" हे सौम्य वाक्य थोडं उपयोगी पडतं, मी टाकतो कधीकधी, पण "बरोबर असेल तर बरोबर म्हण, चूक असेल तर कुठली पायरी चुकली ते सांग" असं दोन्ही दारं उघडी ठेवणारं वाक्य त्याहून कितीतरी बरं.

आणि आपण लिहिलेला प्रॉम्प्ट झुकलेला आहे की नाही हे कळायला एक साधी परीक्षा आहे. दोन नवीन चॅट उघडा. एकात लिहा मला ४८ वाटतं, दुसऱ्यात लिहा मला ५० वाटतं, बाकी शब्द तेच. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर निदान तुमचा प्रतिध्वनी तरी ऐकू येत नाहीये. दोन्हीकडे तुम्हीच बरोबर निघालात तर समजा समोर नंदीबैल उभा आहे आणि त्या विषयात त्याच्या मानेला काही अर्थ नाही. नवीन चॅट का, तर जुन्या चॅटमध्ये तुमची सगळी मतं आधीच सांडलेली असतात. कित्येक ठिकाणी तर जुन्या चॅटमधलं लक्षात ठेवणारी मेमरी चालू असते, मग नवीन चॅटही पुरती कोरी नसते, ती बंद करून बघा.

मर्यादा मोठी आहे, लपवण्यात अर्थ नाही. तटस्थ शब्दांनी फक्त तुमचा प्रतिध्वनी निघून जातो, ज्ञान येत नाही. मॉडेलला मुळात जे येत नाही ते कितीही सोवळ्यात विचारलं तरी येणार नाही, दोन्ही चॅटमध्ये एकच चुकीचं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येऊ शकतं. आणि हेही आहे की ऐकणं म्हणजे नेहमी खुशामत नसते. युजरकडे अशी माहिती असू शकते जी मॉडेलकडे नाही. मी जर म्हटलं की अरे, मी सांगायला विसरलो, गाडी दोन तास ४० ने आणि दोन तास ६० ने चालली, तर त्याने ४८ वरून ५० वर यायलाच पाहिजे, तिथे अडून बसणारं मॉडेलही कामाचं नाही. फरक एवढाच बघायचा की ते पुराव्याने हललं की हट्टाने. आमच्या मित्राने दिला होता तो हट्ट, वर शिकवल्याची थाप.

इथे माझं खरं भांडण सुरू होतं. ही सगळी माहिती सांगितली की लोक लगेच म्हणतात, चला, म्हणजे लोकांना प्रॉम्प्ट लिहायला शिकवलं की झालं. नाही झालं. तटस्थ प्रश्न कोण लिहितो? ज्याला आधीच शंका आहे तो. ज्याला पक्की खात्री आहे तो कशाला लिहील "दोघंही चुकीचे असू शकतात"? त्याच्या डोक्यात तो विचारच नाही, आणि दुरुस्तीची गरज नेमकी त्यालाच सगळ्यात जास्त आहे. छातीत दुखतंय आणि ही नुसती अ‍ॅसिडिटीच आहे ना, असं विचारणारा माणूस प्रॉम्प्टचे धडे गिरवून आलेला नसतो, त्याला हो ऐकायचं असतं. त्यामुळे शब्दांची काळजी हा माझ्यातुमच्यासारख्यांचा तात्पुरता जुगाड आहे, जबाबदारी मॉडेल बनवणाऱ्यांची. युजर काय लिहितो त्याच्या आधी जो कायमचा सूचनांचा मजकूर कंपनी स्वतः घालते, त्यात ही दोन दारांची सूचना घालता येते, बाजारात आणण्याआधी ४८-५० सारख्या उलटसुलट जोड्यांनी हजारो प्रश्नांवर परीक्षा घेता येते, आणि त्या परीक्षेचे आकडे लोकांपुढे ठेवता येतात. ओपनएआयने त्या प्रकरणानंतर हेही लिहिलं होतं की रिलीजच्या आधी खास हांजीहांजी मोजणारी चाचणी त्यांच्या ठरलेल्या यादीत नव्हती. अहो, कोट्यवधी लोक ज्याला विचारून निर्णय घेतात त्याची ही चाचणी यादीत नव्हती?

अंगठ्याचाही विचार करायला पाहिजे. उत्तर आवडलं म्हणून वर आणि टोचलं म्हणून खाली, असं आपण करत राहिलो तर तो डेटा कुठेतरी जाणार आहे. मी हल्ली माझी चूक दाखवणाऱ्या उत्तराला मुद्दाम वर अंगठा देतो, त्याने समुद्रात कितीसं मीठ वाढतं देव जाणे, पण देतो.

मित्राचं म्हणाल तर त्याला दोन चॅटची परीक्षा करून दाखवली, ४८ मान्य केलं, कागदावर हिशोबही स्वतः करून बघितला. म्हणाला, आता कळलं, मालकी आपली दाखवायची नाही, तिसऱ्याचं नाव सांगायचं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, ऑफिसात कोणाशी तरी वाजलं होतं, त्याने सल्ला मागितला होता आणि मॉडेलने पूर्णपणे त्याच्या बाजूने कौल दिला होता. मी प्रॉम्प्ट मागवला. लिहिलं होतं: "माझा एक मित्र आहे, त्याच्या ऑफिसात एक अत्यंत आडमुठा माणूस आहे, या दोघांत चूक कोणाची?"